दुसऱ्या वाचकाची सही

घाडीबाई तक्त्यातला एकही चौकोन रिकामा सोडत नसत. करारात एखादी गोष्ट लिहिलेलीच नसेल तर त्या चौकोनात त्या लिहायच्या, ‘करारात नाही’. रिकामा चौकोन म्हणजे अर्धं खोटं, असं त्यांचं मत. वाचणाऱ्याला कसं कळणार, की ती गोष्ट करारात नव्हती, की बाईंनी बघितलीच नाही? सुरुवातीला मला याचं हसू यायचं. घरी जाऊन मी नक्कलसुद्धा केली होती त्यांची.

मी जुई तळपदे. परळच्या एका धर्मादाय इस्पितळात मी खरेदी विभागाची प्रमुख होते. ‘होते’ म्हणते, कारण आता त्याच खोलीत खिडकीजवळच्या लहान टेबलावर बसते. लिहायचंय घाडीबाईंबद्दल, पण मधेमधे माझं तोंड दिसत राहील आणि ते काही बघण्यासारखं नाही. इलाज नाही.

सुभद्रा घाडी. लालबागच्या चाळीतल्या, मूळच्या मालवणकडच्या. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा चोविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून इस्पितळात लागल्या आणि टाइपरायटर गेला तरी बाई राहिल्या. अंगाने एवढ्याशा, चष्मा दोरीने गळ्यात, हातात स्टीलची पट्टी. पट्टी ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, मग पट्टी खाली सरकवायची. औषधांचे, सलाइनचे, हातमोज्यांचे पुरवठा करार त्या असेच वाचत, आणि तेही मागून पुढे.

“मागून का?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“पुढे गोड बोलतात मॅडम. दर मागे असतात,” बाई म्हणाल्या. “परिशिष्टात. आणि ते परिशिष्ट बदलणारं पत्र त्याच्याही मागे टाचलेलं असतं. पहिल्या पानावरनं सुरू केलं तर मागे पोचेपर्यंत आपण दमतो. मेल्यांना ते माहिती असतं.”

मग त्या पहिल्या पानावर यायच्या आणि व्याख्या वाचायच्या. ‘वर्ष’ म्हणजे कुठलं वर्ष, एप्रिलपासूनचं की सही झाल्या दिवसापासूनचं? ‘खरेदी’ म्हणजे मागवलेला माल की आपण तपासून ठेवून घेतलेला? तक्त्यात प्रत्येक पुरवठादाराला एक उभा रकाना. आडव्या ओळींत किती नगांपर्यंत काय दर, वर्षाला किती नग घ्यायला आपण बांधील, कमी घेतले तर काय, वर्षाअखेरीला किती सूट परत मिळणार आणि कशावर. प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने कलम आणि पान. आणि सगळ्यांत खाली सगळ्यांत रुंद ओळ, तिचं नाव ‘अट’. नग शेवटी कितीला पडतो हा हिशोब त्या कधीच करत नसत. “तो साहेबांचा. करारात काय आहे एवढंच मी लिहिते.”

तक्ता झाला की ‘वाचणी’. ही पद्धत त्यांची. एकाने करार मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवायचं आणि जुळलं की म्हणायचं, “बरोबर.” नाही जुळलं तर थांबायचं. शेवटी दोघांनी सह्या करायच्या, पहिला वाचक, दुसरा वाचक, तारखेसकट. आधीचे साहेब म्हणे चहा घेत घेत रोज वाचणीला बसायचे. मी साबण-शांपूच्या मोठ्या कंपनीतून आलेली, गिरगावातली, घरात तीन पिढ्यांचे वकील-डॉक्टर. मी कशाला बसते? पहिल्या दोन-चार वेळा बसले, मग फोन आला की उठायला लागले, मग न बसताच सही करायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं.

मागच्या वर्षी मार्चमध्ये डायलायझरचा करार आला. डायलिसिसच्या वेळी ज्यातून रक्त गाळलं जातं, ती नळी. आम्हाला वर्षाला साधारण वीस हजार लागतात. जुना पुरवठादार होताच. एक नवा आला, त्याच्या माणसाचे बूट चकचकीत आणि आकडे त्याहून. पहिल्या बारा हजारांना साडेसहाशे रुपये, त्यापुढे चोवीस हजारांपर्यंत पाचशे नव्वद, त्याच्याही पुढे पाचशे चाळीस. वर वर्षाअखेरीला पाच टक्के सूट परत. मोबदल्यात आम्ही वर्षाला चोवीस हजार नग घ्यायला बांधील.

घाडीबाईंनी चार दिवस घेतले. तक्ता दोन लांब पानांचा झाला. मी वैतागले. इस्पितळाच्या खरेदी कमिटीला एका पानाचा कागद लागतो असं मीच ठरवलेलं होतं. कमिटीने तसं कधी मागितलं नव्हतं. मी तो तक्ता माझ्या संगणकावर घेतला, कलमांचे आकडे उडवले आणि ‘अट’ ही ओळ पूर्ण काढून टाकली. मग खाली नवीन ओळ घातली: नग कितीला पडतो.

तिसऱ्या मजल्यावर आठ नवी मशीनं जूनमध्ये येणार होती, म्हणून मी वीसऐवजी चोवीस हजार धरले. पाचशे नव्वद वजा पाच टक्के, म्हणजे पाचशे साठ रुपये पन्नास पैसे. तेवढेच नग घेतले तर जुन्याचा पडत होता सहाशे दहा रुपये पन्नास पैसे. नगामागे पन्नास रुपये वाचवणार होते मी! स्वतःवरच खूश झाले.

आता माझं शहाणपण उलगडून सांगते. आधीच्या कंपनीत आमचे करार असे असायचे की वरचा टप्पा गाठला की स्वस्त दर पहिल्या नगापासून लागू. इथे तसं नव्हतं. इथे विजेच्या बिलासारखं होतं: शंभर युनिटपर्यंत एक दर, वरच्या युनिटांना दुसरा, आणि खालच्या शंभरांचा दर काही बदलत नाही. म्हणजे पाचशे नव्वद फक्त बारा हजारांच्या वरच्या नगांना. आणि पाच टक्के सूट चोवीस हजार पूर्ण झाले तरच. एकाने जरी कमी पडले तर सूट शून्य, शिवाय जितके नग कमी तितक्यांवर साडेसहाशेच्या पंधरा टक्क्यांनी भरपाई. हे सगळं घाडीबाईंनी ‘अट’ या ओळीत, कलमासकट, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. मी ती ओळ वाचली नव्हती. लांब होती म्हणून काढली.

छोटा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. खाली छापलेलं होतं, ‘तक्ता तयार करणार: सुभद्रा घाडी.’ माझ्या नावाला त्यावर जागाच नव्हती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाईंनी पट्टी ठेवली, खाली सरकवली आणि थांबल्या. “मॅडम, अट कुठे गेली?”

“ती मी कमिटीला तोंडी सांगते. तक्ता तुमचाच आहे, फक्त छोटा केलाय.”

“आणि हा पाचशे साठ कसा आला?”

“ते माझं काम आहे ना, घाडीबाई?” मी म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण जो काढला होता तो चढवलेल्यापेक्षा वाईट होता.

“वाचणी करूया एकदा?”

“वेळ नाहीये हो. मीटिंग चारला आहे.”

त्यांनी सही केली. माझ्या शब्दावर केली. मीटिंगमध्ये मी अट तोंडी सांगितली नाही. मुद्दाम लपवली असंही नाही; कौतुक चाललं होतं, त्यात राहूनच गेली. करार झाला.

मशीनं जूनऐवजी फेब्रुवारीत आली. वर्ष संपलं तेव्हा आम्ही घेतलेले नग वीस हजार. एप्रिलच्या मध्यावर पुरवठादाराचं विवरण आलं. सूट: शून्य. चार हजार नग कमी, भरपाई तीन लाख नव्वद हजार. नग पडला सहाशे पंचेचाळीस रुपये पन्नास पैशांना. जुन्याकडून घेतले असते तर सहाशे तेरा रुपये ऐंशी पैशांत पडले असते. सगळे मिळून सहा लाख चौतीस हजार जास्त गेले, आणि ते गेले गरीब रुग्णांच्या निधीतून.

कमिटीचे अध्यक्ष चिंतामणी धुरंधर. पंचाहत्तरीचे, ताठ, आमच्या गिरगावातलेच. माझ्या आजोबांबरोबर पत्ते खेळलेले. घरी मी त्यांना काका म्हणते, इस्पितळात सर. त्यांनी मला आणि घाडीबाईंना बोलावलं. टेबलावर माझा तो एका पानाचा कागद होता, आणि बाजूला दुसरा एक. तो मी ओळखला. घाडीबाई तीस एप्रिलला निवृत्त होणार होत्या आणि त्यांना आणखी दोन वर्षं कंत्राटावर ठेवायचं ते पत्र होतं. फक्त सही राहिली होती. बाईंचे यजमान धोंडू घाडी ज्या कारखान्यात होते तो बंद झालेला, चाळ पुनर्विकासाला निघालेली. ती दोन वर्षं त्यांना किती हवी होती हे आख्ख्या विभागाला ठाऊक होतं.

“हा तक्ता कोणी केला?” चिंतामणी सरांनी विचारलं.

मी गप्प राहिले.

किती वेळ, ते मी आजही मोजते. पंख्याचा आवाज येत होता. ‘मी’, एवढं एक अक्षर बोलायचं होतं. सरांनी कागद जवळ घेऊन खालचं नाव वाचलं आणि बाईंकडे बघितलं.

“सही माझी आहे, सर,” घाडीबाई म्हणाल्या. एवढंच. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाचणीत एक ओळ वाचून झाली की समोरच्याकडे बघतात ना, तसं.

मी टेबलावरच्या कागदाकडे बघत बसले.

“इतकी वर्षं काम केलंत,” सर हळहळून म्हणाले, “आणि अट लिहायची राहिली? वय होतं माणसाचं, समजतो मी.” त्यांनी ते दुसरं पत्र उचललं आणि खणात ठेवलं.

बाहेर आल्यावर जिन्यापाशी बाई थांबल्या. “मॅडम, तुम्ही कमिटीला तोंडी सांगितलं होतंत ना?”

“हो,” मी म्हणाले. “त्यांच्या लक्षात राहिलं नसेल.”

एवढं खोटं मी शाळेतसुद्धा बोलले नव्हते. बाईंनी मान डोलावली आणि पट्टी पर्समध्ये टाकून जागेवर गेल्या.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, बटाटेवडे. भाषण विभागप्रमुखाने करायचं असतं. मी केलं. “घाडीबाईंच्या नजरेतून एकही ओळ सुटत नसे,” असं मी म्हणाले, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू बाईंवर होतं. माझ्या हातात माइक होता, तेव्हाही वेळ होती. मी पुढचं वाक्य बोलले. त्या शाल घडी करत होत्या, कोपऱ्याला कोपरा लावून.

त्यानंतर अकरा दिवस मी व्यवस्थित जेवले, झोपले, कामाला आले. लाज अशी लगेच चावत नाही. मला तर ती फाइल उघडल्यावर चावली. कराराचं दुसरं वर्ष सुरू झालेलं, म्हणून मी डायलायझरची फाइल काढली. माझ्या चकचकीत पानाच्या मागे घाडीबाईंचा दोन पानी तक्ता टाचलेला होता. मी फेकायला सांगितला होता, त्यांनी ठेवला होता. ‘अट’ या ओळीत सगळं होतं. आणि खाली:

‘पहिला वाचक: सुभद्रा घाडी, १९ मार्च. दुसरा वाचक:’

पुढे काहीच नाही. बाईंनी आयुष्यात सोडलेला तो एकमेव रिकामा चौकोन. तो त्यांना भरताही येत नव्हता. तो माझा होता.

हा कागद त्या खोलीत त्यांनी काढून दाखवला असता तर माझी नोकरी तिथल्या तिथे गेली असती. फाइल त्यांच्या कपाटात होती, किल्ली त्यांच्याकडे होती. मी दार लावून घेतलं आणि रडले, आणि रडण्याचीही लाज वाटली, कारण त्याने कुणाचं काय भलं होणार होतं?

त्या शनिवारी फाइल घेऊन लालबागला गेले. मे महिना, मसाल्याचे दिवस. गल्लीत शिरल्यापासून कांडपयंत्रांचा धडधडाट आणि मिरचीचा ठसका. डोळ्यांना धार लागली होती. मिरचीवर ढकलून सुटायची सोय होती, पण मला सुटायचं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर घाडीबाईंचं दार उघडंच होतं. आत वर्तमानपत्रांवर पुड्या मांडलेल्या. धोंडूकाका चष्मा लावून यादी वाचत होते, “धने दोन किलो... बडीशेप पाव...” आणि बाई पुडीवर हात ठेवून म्हणत होत्या, “बरोबर.” मी दारातच उभी राहिले. हे लोक घरचा मसालासुद्धा दोघांनी वाचून दळायला नेत होते.

“अरे, मॅडम! या, या. मिरची लागतेय ना? गो, पंखो लाव,” धोंडूकाकांनी बाईंना सांगितलं आणि ते उठून आत पाणी आणायला गेले.

मी खाली बसले आणि सगळं एका दमात बोलले. अट मी काढली, तोंडी सांगितली नाही, हिशोब माझा चुकला, जिन्यापाशी मी खोटं बोलले.

“माहिती आहे,” बाई म्हणाल्या.

“कधीपासून?”

“सरांनी विचारलं आणि तुम्ही गप्प बसलात, तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीत? कागद तुमच्याकडे होता.”

“मी पहिली वाचक, मॅडम. माझं वाचून झालं होतं.” त्यांनी पुडीची सुतळी घट्ट केली. “चुकलं म्हणायचं काम दुसऱ्याचं असतं. दुसरा बोलेल म्हणून वाट बघितली मी. समारंभापर्यंत बघितली. मग राग आला, खोटं कशाला सांगू. शाल अजून उघडली नाही मी.”

मी म्हणाले, कमिटीला सगळं सांगते, तुम्हाला परत बोलवायला लावते.

“परत नको. शिवडीला एका गोदामात लागलेय मी, पावत्या ताडून बघायला. पण नाव माझं नीट करा. तेहतीस वर्षांचं आहे ते.” त्यांनी हात पुढे केला. “करार आणलाय?”

“आणलाय.”

“मग वाचणी करूया.”

धन्या-मिरच्यांच्या पुड्या बाजूला सारून आम्ही बसलो. करार त्या वाचत होत्या, मागून पुढे, पट्टीने. तक्ता माझ्या मांडीवर. पावणेदोन तास. कलम अकरा, बांधील नग चोवीस हजार. “बरोबर.” परिशिष्ट दोन, दर त्या त्या टप्प्यातल्या नगांपुरताच. “बरोबर.” कलम तेरा: वर्ष संपायच्या साठ दिवस आधी लेखी कळवल्यास पुढच्या वर्षाचे बांधील नग एकदा कमी करता येतील. इथे बाई थांबल्या. ती ओळही माझ्या काढलेल्या अटीत होती. जानेवारीअखेर एक पत्र पाठवलं असतं तर दुसऱ्या वर्षाचा धोका तरी टळला असता. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

“बरोबर,” मी म्हणाले.

शेवटी त्यांनी पेन दिलं. मी दुसऱ्या वाचकाच्या जागी नाव लिहिलं आणि तारखेपाशी अडखळले.

“आजची घाला,” बाई म्हणाल्या. “मागची नको.”

सोमवारी मी तो तक्ता चिंतामणी सरांच्या टेबलावर ठेवला, आणि काय घडलं ते ‘मी’ या शब्दापासून सुरू करून सांगितलं. त्यांनी कागद वरपासून वाचला. मग चष्मा वर करून कागदाच्या तळाशी गेले. पहिला वाचक, गेल्या वर्षीचा मार्च. दुसरा वाचक, या वर्षीचा मे. मधे एक वर्ष आणि दोन महिने. म्हातारा माणूस, माझ्या आजोबांचा मित्र. मला एक शेवटची पळवाट द्यावी असं त्यांना वाटलं असावं.

“जुई,” ते म्हणाले, “ही तारीख घाईत चुकीची पडली आहे का गं?”

“नाही, सर,” मी म्हणाले. “बरोबर आहे.”